गॅलरी कुणाच्या कागदावर असते?

*गिरगावात आमची चाळ आहे. तळमजला अधिक दोन मजले, मधे चौक. मजल्यावर १२ खोल्या, खोली १० बाय १२, समोर साडेचार फुटांची लाकडी गॅलरी. पुनर्विकासाचा आराखडा आलाय. काही जण म्हणतात, चाळ हा वारसा आहे. पण आमच्याकडे ना नक्षी, ना कमानी. मग वारसा कशात शोधायचा? गॅलरीचं आणि शेजाराचं मोल मांडता येतं का, की ते आपलं आठवणींपुरतंच?*

मांडता येतं. सुरुवात तुम्ही दिलेल्या आकड्यांनीच करू. खोली १२० चौरस फूट. तिच्या दारासमोरचा गॅलरीचा तुकडा १० फूट लांब आणि साडेचार फूट रुंद, म्हणजे ४५ चौरस फूट. खोलीच्या एकतृतीयांशाहून अधिक जागा प्रत्येक बिऱ्हाडाला उंबऱ्याबाहेर मिळाली आहे. कोपऱ्यांचा हिशेब सोडला तरी मजल्याला ५४० चौरस फूट होतात, म्हणजे साडेचार खोल्या.

आता ही जागा कागदावर शोधा. भाडेपावतीवर खोलीचा नंबर आहे, गॅलरी नाही. बिल्डरने दिलेल्या तुलनेच्या तक्त्यात 'सध्याचं क्षेत्र' या रकान्यात १२० लिहिलं असेल आणि शेजारी नवं क्षेत्र. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीत ते किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा असते. १२० चे ३०० झाले की बैठकीत टाळ्या पडतात. पण तुम्ही आज १६५ चौरस फुटांत राहता, आणि त्यातले ४५ फूट उजेडाचे, वाऱ्याचे आणि माणसांचे आहेत. रेरा या बांधकाम व्यवसायावरच्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चटईक्षेत्रात स्वतःच्या मालकीची बाल्कनीसुद्धा धरत नाहीत. मग सामाईक गॅलरी कुठून धरणार? ती विकता येत नाही म्हणून बिल्डरला नको असते, आणि कुणा एकाची नसते म्हणून भाडेकरू तिच्यासाठी भांडत नाहीत. गेली तीस वर्षं जुन्या इमारतींची दुरुस्ती करताना मला हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. चाळीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी जागा कुणाच्याच कागदावर नसते, त्यामुळे ती सगळ्यात आधी कुजते आणि सगळ्यात आधी वगळली जाते.

गॅलरी मुळात शेजारधर्मासाठी कुणी बांधली नव्हती, हे आधी मान्य करू. जमीनमालकाला कमी जागेत जास्त भाडेकरू बसवायचे होते. खोल्या ओळीने लावल्या की प्रत्येकीत शिरायला वाट लागते. ती वाट उघडी ठेवली की भिंत वाचते, खिडकीचा खर्च वाचतो आणि उजेड फुकट येतो. पावसाळ्यात खोलीच्या भिंतीवर थेट झड बसत नाही, उन्हाळ्यात भिंत सावलीत राहते. समोर दार आणि मागच्या भिंतीत घरगल्लीकडे खिडकी, असा आरपार वारा. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने घाम असलेल्या शहरात कोंदट खोली राहण्याजोगी करणारी ही स्वस्त युक्ती होती. शेजार त्यातून नंतर उगवला, कारण १२० चौरस फुटांत सात माणसं मावत नाहीत, ती बाहेर सांडतात.

उजेड-वाऱ्याचं महत्त्व सरकारला प्लेगने शिकवलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. ट्रस्टचा एक नियम मला फार आवडतो. खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. ऐकायला अवघड वाटतं, पण अर्थ सोपा आहे: समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मधे हवं. तुमची चाळ ३२ फूट उंच धरली तर चौक १६ फूट रुंद हवा. चौक मोजून बघा. त्या मापाच्या आसपास निघाला, तर तळमजल्याच्या खोलीतही दुपारी दिवा न लावता तांदूळ निवडता येत असतील. हाच नियम समोरासमोरच्या २०० फुटी मनोऱ्यांना लावला तर मधे १०० फूट सोडावे लागतील. गिरगावात एवढी जागा कोण सोडतो?

'मग वारसा कशात' या प्रश्नाचं सरळ उत्तर नियमावलीतच आहे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ सालची. इमारत यादीत का घ्यायची, याचे निकष तिच्यात दिले आहेत. वास्तुशैली हा त्यातला एक. बाकीच्या निकषांत सामाजिक आणि आर्थिक इतिहासाशी असलेला संबंध आहे, इमारतीचा वैशिष्ट्यपूर्ण वापर आहे, ख्यातनाम व्यक्तीशी वा घटनेशी नातं आहे, एकत्र उभ्या असलेल्या इमारतींचा समूह म्हणून असलेलं मोल आहे. नक्षी लागतेच असं कुठेही लिहिलेलं नाही. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत सुमारे दोन दशकं राहिले. त्या खोल्यांचं दार शेजारच्या दारासारखंच आहे. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, त्यामागेही कमानीचं काही कर्तृत्व नाही. तिथे लागतो तो चौक, आणि चौकाभोवती मजल्यामजल्याने लोकांना उभं राहता येईल अशा गॅलऱ्या. व्याख्यान असो, भजन असो, नाटुकलं असो, चाळीला वेगळं प्रेक्षागृह बांधावं लागलं नाही.

तरीही यादीचा भरवसा धरू नका. एकेकट्या चाळी यादीत कमीच आहेत. खोताची वाडी आहे ती परिसर म्हणून. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतला जो जागतिक वारसा मान्य केला तो ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा. गिरगाव, लालबाग, परळ त्यात येत नाही. आणि वारसा यादीच्या तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीत नाव आलं तरी संरक्षण मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या रूपाला मिळतं. दर्शनी भिंत तशीच ठेवून मागे बंद पॅसेजची इमारत उभी राहिली, तर कागदावर वारसा वाचला असं म्हणता येईल. तुमच्याकडे दर्शनी भिंतीत वाचवण्यासारखं फार नाही. जे आहे ते दार, उंबरा, गॅलरी, जिना आणि चौक यांच्या परस्परांशी असलेल्या मापात आहे.

ते माप दाखवायचं कसं? आमच्या कामात यासाठी साधी पद्धत आहे, आणि ती तुमच्या चाळीतली कॉलेजची चार मुलं दोन रविवारांत पार पाडतील. एका मजल्याचा नकाशा मोठ्या प्रमाणात काढायचा, जमिनीवरचे ५० सेंटिमीटर कागदावर एक सेंटिमीटर. त्यावर गॅलरीत जे जे आहे ते खरोखरच्या जागी काढायचं: चपलांचं कपाट, तुळशीची कुंडी, पाण्याचं पिंप, सायकल, आजींची खुर्ची, वाळत घालायच्या दोऱ्या, कोपऱ्यातला देव्हारा. मग त्याच नकाशाच्या चार प्रती घेऊन सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री साडेनऊ अशा चार वेळांना फिरायचं. कोण कुठे बसलंय, उभं आहे, काय करतंय ते टिपायचं, आणि प्रत्येक दारापुढे एक खूण करायची: उघडं, अर्धं, बंद.

दाराची ही खूण सगळ्यात महत्त्वाची. शेजार मोजायचं दुसरं भरवशाचं साधन मला अजून सापडलेलं नाही. चाळीत दार दिवसा उघडं असतं ते लोक भले आहेत म्हणून नव्हे. दार लावलं तर खोलीत वारा येत नाही, बाहेर उजेड असल्याने बाहेरचं दिसतं, आणि दारावरून जाणारा माणूस बाराच घरांतला असल्याने ओळखीचा असतो. यातली एक अट मोडली की दार लागतं. एअर कंडिशनर बसवलेल्या खोलीचं दार तुमच्याही चाळीत बंद दिसेल, बघा. शेवटच्या खोलीवाल्याने गॅलरीचं टोक ग्रिल लावून आत घेतलं असेल तर त्याच्या शेजारच्या दोन दारांवरही परिणाम दिसेल, कारण टोकाकडून येणारा वारा तिथे अडला.

नकाशावर आणखी एक गोष्ट आपोआप उमटते, ती म्हणजे वापराची अलिखित वाटणी. भिंतीकडचे दीड-दोन फूट त्या त्या बिऱ्हाडाचे, कठड्याकडचे अडीच फूट वाटेचे. पिंप भिंतीला, खुर्ची भिंतीला, चालणारा कठड्याकडून. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण तो मोडला की तासाभरात भांडण होतं. साडेचार फुटांत हे जमतं. साडेतीन फुटांत बसायला जागा उरत नाही, नुसती वाट राहते. सात-आठ फूट केली तर लोक सामान रचतात किंवा पार्टिशन टाकतात. गॅलरीच्या रुंदीत हातभराचा फरक पडला तरी सगळा वापर बदलतो, म्हणून मी वास्तुशैलीआधी टेप काढतो.

इथे एक गोष्ट स्वतःच्याच मुद्द्याविरुद्ध सांगायला हवी. मुंबई विकास खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला ज्या बीडीडी चाळी बांधल्या, त्यांत तुमच्यासारखी उघडी गॅलरी नाही. २०७ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. बोळात दिवसाही अंधार. तरीही तिथला शेजार, तिथलं आंबेडकरी आणि कामगार चळवळींचं जग गिरगावाहून तसूभरही कमी नव्हतं. म्हणजे उघडी गॅलरी असली की शेजार आपोआप तयार होतो आणि नसली की होतच नाही, असं मी म्हणणार नाही. बीडीडीत गॅलरीचं काम इमारतींमधल्या मोकळ्या जागांनी केलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच बिऱ्हाडं तिथे राहिली. वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या मनोऱ्यांतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, ५०० चौरस फुटांची घरं. घर तिपटीहून मोठं झालं आहे, स्वतःचा संडास आला आहे, याचा आनंद खोटा कसा म्हणणार? दारं उघडी राहतात का, ते पाच-सात वर्षांनी कळेल.

आणि शेजाराची दुसरी बाजूही नकाशावर आणा, नाहीतर तो नकाशा कुणी गंभीरपणे घेणार नाही. रात्री दोन वाजता मजल्याच्या टोकाच्या संडासाला जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईसाठी तीच गॅलरी १२० फूट लांब असते. वयात आलेल्या मुलीला कोण भेटायला आलं, हे बारा घरांना कळतं, आणि त्याला सगळेच काही शेजारप्रेम म्हणत नाहीत. पुष्कळ चाळींत खोली मिळायची ती जातीच्या, गावच्या ओळखीवर. एका जातीची चाळ, एका गावाची चाळ. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या सामाईक खोल्या असायच्या, पाळीपाळीने झोपणाऱ्या गड्यांच्या, आणि त्यांना जेवू घालणाऱ्या बायकांच्या खानावळी शेजारच्या खोलीत. त्या आधारामुळे माणसं संपातही तगली. त्याच ओळखीवर कुणाला तरी खोली नाकारलीही गेली. वारसा म्हटला की हे दोन्ही नोंदवायचं.

आता लाकडाकडे वळू. बैठकीत शेजाराबद्दल कितीही बोललात तरी कुणीतरी उठून विचारणारच, गॅलरी पडली तर काय? प्रश्न बरोबर आहे. बहुतेक चाळींत खोल्यांच्या मधल्या भिंतींवरून येणाऱ्या सागाच्या तुळया दर्शनी भिंतीतून आरपार बाहेर काढलेल्या असतात. बाहेर आलेल्या टोकांवर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर चुन्याचा थर आणि लादी. तुमची तुळई साडेचार फूट बाहेर आणि बारा फूट आत असेल, तर तोल चांगला आहे. आतली लांबी बाहेरच्या किमान दीडपट-दुप्पट हवी, तुमची त्याहून जास्त निघते. पण आधीच्या एखाद्या दुरुस्तीत तुळई भिंतीजवळ कापून बाहेरचा तुकडा नुसता खोचला असेल तर हा हिशेब फुकट जातो. खोलीत उभं राहून छताकडे बघा. बाहेर दिसणारी तुळई आतही त्याच रेषेत, त्याच जाडीची दिसली पाहिजे. आत फॉल्स सीलिंग असेल तर त्याची एक पट्टी काढायला लावा.

तुळई कुजते ती भिंतीत शिरते तिथे. मधला भाग वाऱ्यावर वाळतो, टोकावरचं पाणी गळून जातं, पण भिंतीतला सहा-नऊ इंचांचा भाग ओला झाला की ओलाच राहतो. वरून दिलेला ऑइल पेंट ओल आत कोंडतो, आणि बाहेरून लाकूड झकास दिसतं. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. पेचकस घेऊन भिंतीलगत खालच्या बाजूने दाबा. चांगल्या सागात तो दोन-तीन मिलिमीटरही शिरत नाही. लोण्यात गेल्यासारखा गेला तर आत पीठ झालेलं आहे. हातोडीने ठोकलं तर चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भदभद. दुसरी खूण वर, लादीवर. उंबऱ्याजवळ भिंतीला समांतर अशी लांब भेग दिसत असेल तर गॅलरी बाहेरच्या बाजूला झुकते आहे. पाणी जायला थोडा उतार मुळातच दिलेला असतो, म्हणून एकदा बघून काही ठरवू नका. पाणसळ लावून उतार लिहून ठेवा, भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ मारून तारीख घाला, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा बघा. वाढलेला उतार आणि सरकलेली रेघ एकत्र दिसली तर त्या भागाखाली त्याच दिवशी टेकू लावायचे, बैठक नंतर घ्यायची.

लाकूड थकण्याचं कारण बहुतेक वेळा वय नसतं, आपण असतो. २०० लिटरचं पिंप भरलं की २०० किलो, आणि ते उभं असतं पाव चौरस मीटरवर. म्हणजे त्या जागी चौरस मीटरला साडेसातशे किलोंहून अधिक भार. आजच्या भारतीय मानकात राहत्या इमारतीच्या बाल्कनीसाठी ३०० धरतात. एका मजल्यावर बारा पिंपं म्हणजे दोन हजार चारशे किलो, एखादी मोठी मोटार गॅलरीवर उभी केल्यासारखं. त्यात जुन्या लादीवर दोन इंच काँक्रीट ओतून वर चकचकीत टाइल बसवली असेल तर चौरस मीटरला आणखी १२० किलो वर चढले, कायमचे. आणि हे सगळं असताना अनंत चतुर्दशीला पूर्ण चाळ कठड्याला रेलून खाली बघते. मला चाळीत काम देतात तेव्हा मी गणपतीच्या आधीची मुदत मागतो, त्याचं कारण हेच. ज्या क्षणी गॅलरीचं मोल सगळ्यात जास्त असतं, त्याच क्षणी तिच्यावर भारही सगळ्यात जास्त असतो.

एका चाळीत, नाव सांगत नाही, दुरुस्तीच्या ठेकेदाराने कुजलेल्या तुळयांना खालून लोखंडी गर्डरचे तुकडे लावले आणि ते भिंतीत फक्त चार इंच आत घातले. वरून प्लास्टर, रंग, काम सुबक. दोन पावसाळ्यांत उंबऱ्यालगतची भेग परत आली, कारण लोखंड त्या जुन्या तुळईलाच लटकलं होतं. बरोबर दुरुस्ती कंटाळवाणी असते. टेकू लावायचे, लादी आणि चुना उतरवून भार काढायचा, कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा, तुळईच्या दोन्ही अंगांना पोलादी चॅनेल लावून ते आतल्या धडधाकट लाकडाला लांबवर बोल्टने जखडायचे, आणि भिंतीतल्या लाकडाभोवती थोडी हवा खेळेल अशी फट सोडायची. पुन्हा भरताना चुनाच वापरायचा, सिमेंट नको. खोलीत आठ फूट शिरावं लागतं म्हणून भाडेकरू कुरकुरतात आणि ठेकेदार शॉर्टकट सुचवतो. तिथे नमलात तर पैसे पाण्यात.

पाहणीनंतर बहुतेक तुळया वाईट निघाल्या आणि पाडकाम अटळ ठरलं, असं धरू. तेव्हा त्या दोन रविवारांचे नकाशे खरे कामाला येतात. त्यांच्या आधारे तुम्ही वास्तुविशारदाकडे शेजार मागू शकत नाही, पण माप मागू शकता. पुनर्वसनाच्या इमारतीत पॅसेज एका बाजूने उघडा हवा, दोन्ही बाजूंना घरं नकोत. तो निदान साडेचार-पाच फूट हवा आणि त्याला कठडा हवा, भिंत नको. एका पॅसेजवर घरं दहा-बारापेक्षा जास्त नकोत. स्वयंपाकघराची खिडकी पॅसेजकडे उघडली पाहिजे, कारण दार लागलं तरी तिथून हाक जाते आणि फोडणीचा वास येतो. चौकाची लांबी-रुंदी त्या निम्म्या उंचीच्या नियमाने नाही जमली, तर निदान दर पाच-सहा मजल्यांवर एक मोकळी, छत असलेली जागा, जिच्याकडे त्या मजल्यांचे पॅसेज बघतील.

बिल्डर म्हणेल, यात क्षेत्र वाया जातं. काही प्रमाणात खरं आहे. एका बाजूला घरं ठेवली की तेवढ्याच घरांसाठी पॅसेज जवळजवळ दुप्पट लांब होतो. पण उघड्या पॅसेजला दिवसा दिवे लागत नाहीत, पंखे लागत नाहीत आणि आग लागली तर धूर साचत नाही. पुनर्वसनाच्या इमारतीचा देखभाल खर्च पुढे तुम्हीच भरणार आहात, बिल्डर देखभालीसाठी जी ठेव देतो, त्या कॉर्पस फंडाचं व्याज त्याला पुरेल की नाही हा हिशेब त्याच बैठकीत मांडा. मी बघितलेल्या वाटाघाटींत 'आमची संस्कृती' म्हटल्यावर कुणी हललं नाही. दरमहा वीजबिल म्हटल्यावर वही उघडली गेली.

आणि जे ठरेल ते माहितीपत्रकातल्या रंगीत चित्रावर सोडू नका. पर्यायी जागेच्या करारात तुमच्या घराचं क्षेत्र लिहिलेलं असतं, पॅसेजचं नसतं. त्याला मजल्याचा नकाशा जोडायला लावा, त्यावर पॅसेजची रुंदी आकड्यात, उघडी बाजू कोणती ते शब्दांत, आणि एक कलम: पुढे सुधारित नकाशे मंजुरीला गेले तर ही मापं भाडेकरूंच्या लेखी संमतीशिवाय बदलणार नाहीत. पहिल्या मंजुरीत उघडा असलेला पॅसेज तिसऱ्या सुधारित नकाशात घरांच्या दोन रांगांमध्ये दाबला जातो, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. तेव्हा सगळे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात विखुरलेले असतात आणि नकाशा बघायला कुणी जात नाही.

तूर्त दोन कामं करा. पिंपं आजच भिंतीलगत सरकवा, शक्य तेवढी तळमजल्यावर आणा. बाकी पाहणी इंजिनियर येईपर्यंत थांबेल, हे थांबणार नाही. आणि आराखड्याची झेरॉक्स हातात आली की आपलं घर कुठल्या मजल्यावर आहे ते शोधण्याआधी सातव्या मजल्याचा पॅसेज बघा: उजेड कुठल्या बाजूने येतो, आणि मधे किती दारं ओलांडून लिफ्टपाशी जायचं आहे.